चतुःसीमेपलीकडची माणसं

पतसंस्थेच्या कर्ज विभागात काही वर्षं काढली की तालुका ओळखीचा होतो. तलाठी, सर्कल, मोजणीवाले, मूल्यांकन करणारे, सोसायटीचे सचिव, कोर्टातले वकील, कुणाच्या भावकीत वाटणीवरून वाद आहे आणि कुणाची विहीर कागदावरच आहे, हे सगळं माहीत होतं. माण तालुक्यात तारण म्हणून येणाऱ्या जमिनी बघायला मी गावोगाव हिंडले. सातबारा हातात, गट नंबर पाठ, आणि चतुःसीमा प्रत्यक्ष चालून तपासायची: पूर्वेला ओढा, पश्चिमेला अमक्याचं शेत, उत्तरेला गाडीवाट. या कामात मला कोणताही फोन करायला संकोच वाटत नसे.

त्याच तालुक्यात एका पाणलोटाच्या बैठकीत भिंतीवर लावलेला नकाशा पाहिला आणि मला ते काम करावंसं वाटू लागलं. जीआयएस, म्हणजे जमिनीची माहिती संगणकावर नकाशाच्या रूपात बांधायचं आणि तपासायचं काम. देहरादूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहेत, क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यामुळे शिकणं अडलं नाही. अडलं ते पुढे. या क्षेत्रात मी एकाही माणसाला ओळखत नव्हते. घरात कुणी इंजिनिअर नाही, पुण्यात काका-मामा कुणी आयटीत नाही, कॉलेज साताऱ्याचं आणि पदवी वाणिज्य शाखेची. जाहिरातींना अर्ज करावा तर प्रत्येकीत दोन-तीन वर्षांचा अनुभव मागितलेला.

हे लिहायला बसले कारण गेल्या काही काळात असेच शून्यावर उभे असलेले लोक मला विचारतात की सुरुवात कुठून करायची. त्यातले बहुतेक जण आधी सॉफ्टवेअरची नावं विचारतात. मला सांगायचं आहे ते माणसांबद्दल: ती कुठे सापडतात, त्यांना काय विचारायचं, आणि नंतर काय करायचं.

आपल्याकडे नोकरी ओळखीतून लागते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ती ओळख म्हणजे पाहुणे, गाववाले, जातवाले. कुणाच्या तरी शब्दावर कुणीतरी लागतं आणि त्या शब्दाचं ओझं दोघांवर राहतं. घरून हेच बघितलेलं असल्याने अनोळखी माणसाला विचारायचं म्हटलं की आपण वशिला मागतो आहोत असं वाटतं, आणि माणूस गप्प बसतो. जे क्षेत्र आपल्या पाहुण्यांत नाहीच, तिथे हा रस्ता मुळात बंद असतो. ते मला फार बरं वाटलं, कारण तिथे आडनाव विचारून काही होणार नव्हतं.

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 साली यावर एक निबंध लिहिला. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारलं की ज्याच्याकडून खबर मिळाली तो माणूस तुम्हाला त्या काळात किती वेळा भेटत होता. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी साधारण 17 टक्के लोक म्हणाले, वारंवार. 55 टक्क्यांहून थोडे जास्त म्हणाले, अधूनमधून. उरलेले जवळपास 28 टक्के म्हणाले, क्वचित, म्हणजे वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी. कारण सरळ आहे. रोज भेटणाऱ्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. नवी खबर दुसऱ्या वर्तुळात वावरणाऱ्याकडे असते. 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक वापरकर्त्यांवरच्या प्रयोगांचा अभ्यास आला. त्यात आणखी एक बारकावा दिसला: नोकरी बदलायला सगळ्यात उपयोगी पडतात त्या मध्यम विरळ ओळखी, अगदी परक्या नव्हेत आणि अगदी जवळच्याही नव्हेत.

माझ्यासारख्या माणसासाठी याचा अर्थ असा की शेकडो अनोळखी लोकांना जोडत सुटण्यात अर्थ नाही. दहा-बारा लोक असे हवेत ज्यांना माझं नाव ऐकल्यावर माझं काम आठवेल. तेवढं पुरतं.

ती माणसं शोधायची कशी? पदनाम टाकून शोधलं तर हजारो नावं येतात आणि त्यातलं कुणीही आपलं वाटत नाही. मी नकाशाच्या कोपऱ्यातून शोधलं. चांगल्या नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात माहितीचा स्रोत, वर्ष आणि बऱ्याचदा नकाशा करणाऱ्याचं किंवा संस्थेचं नाव असतं. अहवालाच्या सुरुवातीला ऋणनिर्देशाचं पान असतं, जे कुणी वाचत नाही. माण-खटाव भागातल्या पाण्यावरचे, पाणलोटावरचे, भूजलावरचे जे अहवाल जाहीर आहेत ते मी उतरवून घेतले आणि फक्त ही दोन ठिकाणं वाचली. पोकरा या राज्य सरकारच्या हवामान-अनुकूल शेतीच्या प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईच्या चमूने पाण्याच्या ताळेबंदाचं काम क्यूजीआयएसवरच बसवलं होतं, त्याची कागदपत्रं वाचायला मिळतात. पुण्यात वॉटर आणि ॲक्वाडॅमसारख्या संस्था पाण्यावर वर्षानुवर्षं काम करत आहेत, त्यांचे अहवाल आहेत. नागपूरला राज्याचं सुदूर संवेदन केंद्र आहे. असं वाचत गेल्यावर यादीत पदनामांऐवजी कामं जमा झाली: अमक्या माणसाने अमक्या गावाचा उताराचा नकाशा केला, तमक्या बाईने विहिरींची पातळी मांडली. ज्याचं काम आपण पाहिलं आहे त्याला लिहायला विषय शोधावा लागत नाही.

दुसरा मार्ग कॉलेजचा. लिंक्डइनवर कॉलेजच्या पानावर Alumni असा भाग असतो. तिथे क्षेत्र आणि शहर टाकून गाळता येतं. माझं कॉलेज वाणिज्यचं असूनही आमच्या आवारातल्या भूगोल विभागातून बाहेर पडलेली थोडी माणसं सापडली. एकाच कॅन्टीनचा चहा प्यायलेली माणसं उत्तर जरा लवकर देतात, हा माझा अनुभव आहे.

पण लिहायच्या आधी दाखवायला काहीतरी हवं. कोर्सचं प्रमाणपत्र कुणीही बघत नाही, आणि बघू नयेच. त्यातून माणूस काम कसं करतो ते कळत नाही. मी आमच्या गावचा ओढा निवडला.

ओपनस्ट्रीटमॅप हा जगभरच्या लोकांनी मिळून केलेला खुला नकाशा आहे. 2004 साली इंग्लंडमध्ये सुरू झाला. त्यावर आमच्या गावाची शाळा होती, रस्ता होता, ओढा नव्हता. सुट्टीच्या दिवशी फोनवर जीपीएस चालू ठेवून काठाकाठाने चालले, घरी येऊन उपग्रहाच्या चित्रावर ती रेषा आखली. ओढ्याची रेषा पाणी वाहतं त्या दिशेनेच काढायची असते. आमचा ओढा दिवाळीनंतर कोरडा पडतो, म्हणून नोंद अशी होते:

```
waterway=stream
intermittent=yes
name:mr=(गावात चालणारं नाव)
```

जतन करताना एक छोटा चौकोन असतो: I would like someone to review my edits. बहुतेक नवे लोक तो रिकामा सोडतात. शून्यावरच्या माणसासाठी त्या पानावरची सगळ्यात मोलाची जागा तीच आहे, कारण तिथे खूण केली की तुमचं काम तपासणीच्या यादीत दिसतं आणि मुरलेला एखादा मॅपर ते उघडून पाहण्याची शक्यता वाढते. माझी नोंद केरळातल्या एका मॅपरने पाहिली. दोन पुलांपाशी ओढा आणि रस्ता चुकून एकमेकांना जोडले गेले होते, ते त्याने दाखवलं आणि विचारलं की हे स्थानिक नाव कुणाकडून कळलं. मी लिहिलं, काठावरच्या शेतकऱ्यांकडून. त्या एका उत्तरानंतर तो माझ्या पुढच्या नोंदी स्वतःहून बघू लागला. आम्ही आजवर भेटलेलो नाही. भारतातल्या मॅपरांच्या गटात मला पहिल्यांदा नावाने ओळखणारा माणूस तो.

इथे नवी माणसं एका ठिकाणी हमखास अडकतात, ते सांगून ठेवते. घाईत गूगलच्या नकाशावरून नावं आणि रस्ते उतरवतात. तो कॉपीराइटचा भंग आहे. अशा नोंदी काढून टाकल्या जातात आणि ज्याच्या नावावर त्या असतात त्याच्याकडे पुढे संशयाने पाहिलं जातं. स्रोत काय, असा प्रश्न आपल्या नोंदीखाली आला तर त्याच दिवशी खरं उत्तर द्यावं. छोट्या क्षेत्रात नाव कमवायला वर्ष लागतं, आणि हेच लोक पुढे तुमच्याबद्दल कुणाला तरी सांगणार असतात.

ओढा काढून झाल्यावर मी तो उंचीच्या माहितीशी ताडून पाहिला. फेब्रुवारी 2000 मध्ये अमेरिकेच्या एका अंतराळयानाने रडारने पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. ती माहिती एसआरटीएम नावाने मोफत मिळते. तिच्यातला एक चौकोन 30 मीटर बाय 30 मीटरचा, म्हणजे सुमारे नऊ गुंठ्यांचा. त्या नऊ गुंठ्यांना मिळून उंचीचा एकच आकडा. आमचा ओढा चार-पाच मीटर रुंद, तो त्यात दिसणार कसा? शिवाय रडारला झाडांचे शेंडेही जमिनीसारखेच वाटतात. संगणकाने उतारावरून पाण्याची वाट काढली, ती डोंगराच्या बाजूला बरोबर आली आणि सपाट रानात येताच खऱ्या ओढ्यापासून दोन शेतं बाजूला सरकली.

हा फरक हातात आला आणि मला विचारायला प्रश्न मिळाला. संपर्क करायची हीच वेळ असते. आधी लिहिलं तर विचारायला काही नसतं आणि माणूस ‘मार्गदर्शन करा’ असं लिहून मोकळा होतो. शेजारच्या भागातल्या पाणलोटाच्या अहवालात ज्यांचं नाव नकाशाखाली होतं, अशा एका सरांना मी हे लिहिलं:

‘नमस्कार सर. तुमच्या अहवालातले प्रवाहांचे नकाशे पाहिले. मी माण तालुक्यात पतसंस्थेच्या कर्ज विभागात काम करते आणि क्यूजीआयएस शिकते आहे. आमच्या गावचा ओढा चालून ओपनस्ट्रीटमॅपवर काढला आहे. एसआरटीएमवरून काढलेली रेषा सपाट रानात खऱ्या ओढ्यापासून दोन शेतं सरकते. चित्र जोडलं आहे. अशा ठिकाणी तुम्ही खरा ओढा आधी उंचीच्या नकाशात कोरून घेता, की शेवटी रेषा हाताने सुधारता? पुढच्या आठवड्यात संध्याकाळी सातनंतर वीस मिनिटं बोलता आलं तर आनंद होईल. वेळ नसेल तर दोन ओळींचं उत्तरही पुरेसं आहे.’

या मजकुरात नोकरी नाही, बायोडेटा नाही, माझी कहाणी नाही. त्यांचं कोणतं काम पाहिलं ते आहे, मी कोण ते एका वाक्यात आहे, मी स्वतः काय केलं ते चित्रासकट आहे, आणि प्रश्न असा आहे की जाणकार माणूस चहा पिता पिता उत्तर देऊ शकेल. शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. समोरच्याला नकार देण्याची वेळच येऊ नये अशी सोय त्यात आहे. दोन ओळी लिहायला निघालेला माणूस पुष्कळदा फोनच करतो.

सगळे उत्तर देत नाहीत. आठ-दहा दिवसांनी एकच आठवण करावी, तीही नवं काही जोडून: ‘दरम्यान दुसरा ओढाही काढला, तिथेही तोच फरक दिसतो.’ त्यानंतर थांबावं. गप्प राहण्याचा अर्थ बहुतेक वेळा कामाचा ताण एवढाच असतो आणि तो माणूस पुढे कुठल्यातरी कार्यशाळेत भेटतो. तेव्हा आपण तिसऱ्यांदा टोचलेलं नसलं म्हणजे बोलणं सोपं जातं.

सरांचा फोन आला. ते म्हणाले, ‘कोरायचा, पण जेवढा चालून तपासला आहे तेवढाच. बाकीचा कोरलास तर खोट्या वाटा तयार होतील.’ त्यांनी `r.carve` या साधनाचं नाव सांगितलं, ओढ्याच्या रेषेवर उंची थोडी उतरवायची, मग खोटे खड्डे भरायचे, मग वाट काढायची असा क्रम सांगितला. कोरलेली रेषा खऱ्या घळीपासून जरा सरकली तर शेजारी शेजारी दोन ओढे उमटतात, ती चुकल्याची खूण. मी लिहून घेत होते.

ओढ्याचं बोलून झाल्यावर मी विचारलं, ‘सर, तुमच्याकडे नव्या माणसाचा दिवस कसा जातो?’ हा प्रश्न मी नंतर प्रत्येकाला विचारला आणि खरं शिक्षण त्या उत्तरांत झालं. नकाशा सजवण्यात दिवस जात नाही. दिवस जातो याद्या जुळवण्यात. एका यादीत गावाचं नाव ‘बुद्रुक’ जोडून, दुसरीत ‘बु.’, तिसरीत इंग्रजीत वेगळ्याच स्पेलिंगने. नावांवर जोडलं तर गावं गळतात, म्हणून जनगणनेचा किंवा सरकारी निर्देशिकेचा संकेतांक धरावा लागतो. आणि शेताच्या पातळीवर उतरलं की गट नंबर, पोटहिस्से, फेरफार. सर म्हणाले, ‘आमच्याकडची इंजिनिअर मुलं पोटहिस्सा म्हटलं की घाबरतात.’

‘मला सर ते रोजचंच आहे,’ मी म्हणाले.

‘मग हे पहिल्याच वाक्यात लिहीत जा. क्यूजीआयएस शिकलेली मुलं मला हवी तेवढी मिळतात.’

क्षेत्र बदलणारा माणूस आपलं जुनं काम बायोडेटाच्या तळाशी लपवतो, कारण ते या क्षेत्रातलं नाही. आतला माणूस जेव्हा सांगतो की त्यांच्याकडे नेमकं काय कमी आहे, तेव्हाच कळतं की जुन्या कामातलं कोणतं कौशल्य इथे चालतं. हे जाहिरात वाचून कळत नाही. माझ्या बाबतीत ते सातबारा वाचता येणं आणि चतुःसीमा जमिनीवर पडताळता येणं होतं. शिक्षकाचं, नर्सचं, दुकानदाराचं वेगळं असेल. पण ते बाहेरून ओळखता येत नाही, आत बसलेल्याकडून ऐकावं लागतं.

फोन ठेवण्याआधीचा प्रश्न ठरलेला: ‘या विषयावर मी आणखी कुणाशी बोलावं असं तुम्हाला वाटतं?’ सरांनी पुण्यातल्या एका मॅडमचं नाव सांगितलं, ज्यांचं काम शेतजमिनीचे नकाशे आणि पीककर्ज यांच्या सांध्यावर होतं. मी विचारलं, तुमचं नाव सांगून लिहू का? हे विचारणं टाळू नये. परवानगीने वापरलेलं नाव दार उघडतं. न विचारता वापरलेलं नाव त्या माणसाच्या कानावर जातंच.

बोलणं कसं झालं हे ओळखायच्या खुणा असतात. समोरच्याने आपली फाइल मागितली, स्वतःहून एखादं नाव सुचवलं, किंवा आपल्याला उलट प्रश्न विचारला, तर ओळख लागली. ‘बायोडेटा पाठवून ठेवा, काही असलं तर कळवतो’ एवढंच म्हणाले, तर सौजन्य आहे, ओळख अजून नाही. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नसतं, पण त्यावर विसंबून थांबूही नये.

त्याच रात्री आभाराच्या दोन ओळी पाठवाव्यात हे सगळेच सांगतात. मला त्याहून मोठी वाटते ती दोन-तीन आठवड्यांनंतरची चिठ्ठी. मी सरांनी सांगितल्याप्रमाणे तपासलेला भाग कोरला, वाट पुन्हा काढली, जुनी आणि नवी रेषा एकाच चित्रात ठेवली आणि पाठवली. सपाट रानात ती आता खऱ्या ओढ्यावर बसली होती. एका ठिकाणी, जिथे पाझर तलावाच्या भरावाने उतार बदलला आहे, तिथे अजूनही फसत होती, तेही लिहिलं. सरांनी ते चित्र त्यांच्या चमूला दाखवलं. सल्ला देणाऱ्याला त्याचं पुढे काय झालं हे जवळजवळ कधीच कळत नाही. ज्याच्याकडून कळतं ते नाव लक्षात राहतं, आणि पहिल्या फोनने जे होत नाही ते या दुसऱ्या चिठ्ठीने होतं.

हे सगळं मी एका साध्या तक्त्यात ठेवत असे: नाव, त्यांचं कोणतं काम पाहिलं, काय विचारलं, त्यांनी काय करायला सांगितलं, मी केलं का, कळवलं का. शेवटचे दोन रकाने रिकामे राहिले की माणूस हातचा गेला असं समजावं. गावाकडे नाती सणावारी आपोआप ताजी होतात. इथे तसं काही नसतं, म्हणून लिहून ठेवावं लागतं.

मॅडमशी बोलणं लांबलं. त्यांच्या कामात बँकेच्या कागदावरचं क्षेत्र आणि उपग्रहाच्या चित्रात दिसणारं शेत जुळत नव्हतं, आणि न जुळण्याची कारणं मला तोंडपाठ होती: वाटणी झालेली पण नोंद न झालेली, पोटखराबा धरलेला किंवा न धरलेला, सामाईक बांध, एकाच गटात चार भावांची चार पिकं. मी त्यांना अशा कारणांची, प्रत्येकाच्या उदाहरणासकट, यादी करून पाठवली. अर्थात कुणाचंही नाव किंवा गट नंबर न घालता, कारण ती माहिती पतसंस्थेच्या ग्राहकांची होती, माझी नव्हती. हे मुद्दाम सांगते. नव्या लोकांपुढे वजन पडावं म्हणून जुन्या नोकरीतले कागद दाखवणारे मी पाहिले आहेत, आणि ज्यांना ते दाखवले त्यांनीच पुढे त्यांना टाळलेलंही पाहिलं आहे.

मॅडमच्या कंपनीत जागा नव्हती. काही महिन्यांनी त्यांच्या ओळखीच्या दुसऱ्या कंपनीला शेतांच्या हद्दी तपासणारं माणूस हवं होतं, तेव्हा त्यांनी माझी यादी पुढे पाठवली. बायोडेटा त्यांनी नंतर मागितला. जाहिरात निघालीच नव्हती. म्हणजे नोकरीची खबर आली ती अशा माणसाकडून जिच्याशी माझं फार थोडं बोलणं झालं होतं, आणि जिच्यापर्यंत मी पोचले ते आणखी एका तशाच माणसामार्फत.

मुलाखत मात्र मुलाखतीसारखीच झाली. संगणकासमोर बसवलं, एका तालुक्याची फाइल दिली आणि क्षेत्रफळ काढायला सांगितलं. फाइल अक्षांश-रेखांशात होती. तशीच अंशांत मोजली तर उत्तर अर्थहीन येतं, आधी ती मीटरच्या प्रणालीत आणावी लागते, पश्चिम महाराष्ट्रासाठी तिचा संकेतांक EPSG:32643. विदर्भात नागपूरकडे गेलात तर पट्टा बदलतो, तिथे EPSG:32644 लागतो. हे येत नसतं तर मॅडमच्या शब्दाचा काही उपयोग झाला नसता, आणि होऊ नये. ओळखीने मिळाली ती त्या खुर्चीत बसायची संधी.

या वाटेच्या मर्यादाही आहेत. वेळ लागतो, आठवड्यांत नाही तर महिन्यांत मोजावा असा. ज्याची नोकरी आधीच गेली आहे आणि घरात हप्ते चालू आहेत, त्याने ही वाट धरताना सोबत मिळेल ते काम घ्यावं. पोट अडलेल्या माणसाचा प्रश्न ओढ्याबद्दल राहत नाही, आणि समोरच्याला ते जाणवतं. सुरुवातीचा पगार माझ्या जुन्या पगारापेक्षा फारसा वेगळा नव्हता. या क्षेत्रात दिवसभर नुसत्या रेषा ओढायला लावणाऱ्या जागा पुष्कळ आहेत, आणि ‘नोकरीची हमी’ देणारे महागडे क्लासही. अशा क्लासबद्दल शंका असेल तर तिथून शिकून बाहेर पडलेल्या दोघा-तिघांना लिंक्डइनवर शोधावं आणि सध्या काय काम करता एवढंच विचारावं. जिथे असे लोक सापडतच नाहीत, तिथे पैसे भरू नयेत.

बाईमाणसाने अनोळखी पुरुषाला फोनवर बोलायला सांगणं सोपं नसतं, तेही लिहायला हवं. मी पहिला संपर्क नेहमी कामाच्या ईमेलवर केला, वैयक्तिक नंबरावर नाही, आणि भेटायची वेळ आली तेव्हा कार्यालयात किंवा जाहीर कार्यक्रमात भेटले. पुण्यात खुल्या माहितीवर काम करणाऱ्या डेटामीटसारख्या गटांचं हे मोठं देणं आहे: तिथे विषय समोर पडद्यावर असतो, त्यामुळे ओळख करून घ्यायला निमित्त लागत नाही. अशा ठिकाणी पाच मिनिटं बोलायची संधी मागावी. मी आमच्या ओढ्याची दोन चित्रं दाखवली होती. मागच्या रांगेत बसून सगळ्यांशी हात मिळवण्यापेक्षा पुढे उभं राहून एक अडलेली गोष्ट दाखवली की लोक आपण होऊन येतात, कारण त्यांना उत्तर माहीत असतं.

आता मला जे निरोप येतात त्यात ‘ताई, या क्षेत्रात यायचं आहे, मार्गदर्शन करा’ हा सगळ्यात जास्त असतो. मी त्यांना उलट विचारते: आत्ता काय काम करता, आणि त्या कामात जमिनीचा, जागेचा, अंतराचा प्रश्न कुठे येतो? मध्यंतरी कोरेगावकडच्या एका औषधविक्रेत्याने लिहिलं की कोणत्या गावाहून माणसं कोणत्या औषधासाठी किती लांब येतात हे त्याला वहीत दिसतं. त्याला म्हटलं, रुग्णांची नावं वगळून फक्त गावं आणि अंतरं मांड. त्याने मांडली, आणि एका टेकडीपलीकडच्या चार वाड्यांना आठवड्याच्या बाजाराशिवाय औषधच मिळत नाही हे नकाशात दिसलं. आरोग्यावर नकाशे करणाऱ्या एका मुलीला मी ओळखते. थेट दोघांचे नंबर एकमेकांना दिले नाहीत. आधी तिला विचारलं, असं असं काम आहे, चित्र जोडलं आहे, बोलशील का? तिचा होकार आल्यावर त्याला विचारलं, मग दोघांना एकाच ईमेलमध्ये आणलं आणि मी बाजूला झाले. तिने पहिल्याच उत्तरात त्याला विचारलं आहे की अंतर त्याने सरळ रेषेत मोजलं की रस्त्याने.